श्रावण वद्य की भाद्रपद कृष्ण?

«आमच्या खराडीच्या सोसायटीतली लखनौची मंडळी गोकुळाष्टमी आपल्याच दिवशी करतात, पण ती भाद्रपदातली आहे म्हणतात. मग महिना कोणाचा बरोबर?»

दोघांचाही बरोबर आहे. अष्टमी ही तिथी चंद्र सूर्यापासून किती अंश पुढे गेला यावरून ठरते, आणि ते अंतर पुण्यात आणि लखनौत एकच असते. फरक आहे तो महिन्याची पाटी कोठे लावायची एवढ्याचाच. आपण महाराष्ट्रात, तसेच गुजरात, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणात, महिना अमावास्येला संपवतो. त्याला अमान्त म्हणतात. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश या भागांत तो पौर्णिमेला संपतो, तो पौर्णिमान्त. शुक्ल पक्षाचे नाव दोन्हीकडे सारखेच असते, म्हणून गणेशचतुर्थी, दसरा किंवा रामनवमी यांच्याबद्दल हा प्रश्न कधीच निघत नाही. वद्य पक्ष मात्र आपण मागच्या शुक्ल पक्षाला जोडतो आणि ते पुढच्या शुक्ल पक्षाला जोडतात, त्यामुळे त्यांच्याकडे त्याला पुढच्या महिन्याचे नाव मिळते. आपली माघ वद्य चतुर्दशीची महाशिवरात्र त्यांच्याकडे फाल्गुनातली होते, आणि आपले आश्विनातले लक्ष्मीपूजन कार्तिक अमावास्येचे.

२०२४ सालचा श्रावण डोळ्यांसमोर ठेवला की हे स्पष्ट होते. २१ जुलैला गुरुपौर्णिमा झाली आणि २२ जुलैला उत्तरेत सावन सुरू झाला. पुण्यात श्रावण लागला तो ५ ऑगस्टला, आणि १९ ऑगस्टच्या नारळी पौर्णिमेपर्यंत दोन्हीकडे एकच श्रावण शुक्ल पक्ष चालला. त्यानंतर तिकडे भाद्रपद लागला, आपला श्रावण पोळ्यापर्यंत राहिला, आणि २६ ऑगस्टची अष्टमी या मधल्या पंधरवड्यात आली. म्हणजे जे सण तिथीला बांधलेले आहेत ते जागचे हलत नाहीत. जी व्रते महिन्याला आणि वाराला बांधलेली आहेत ती मात्र खरोखरच वेगवेगळ्या दिवशी येतात. त्या वर्षी श्रावणी सोमवार दोन्हीकडे पाचच होते, पण सामाईक तीनच: ५, १२ आणि १९ ऑगस्ट. तुमचे शेजारी २२ जुलैला उपास करत होते तेव्हा आपल्याकडे आषाढच चालू होता.

आता महिन्याला मुळात नाव कसे मिळते ते पाहिले पाहिजे, कारण माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर भाग तोच आहे. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंतच्या काळात सूर्य ज्या राशीत प्रवेश करतो, तिच्यावरून त्या महिन्याचे नाव ठरते: मेषेत प्रवेश तर चैत्र, सिंहेत प्रवेश तर श्रावण. ज्या महिन्यात असा प्रवेशच होत नाही तो अधिक. हे माप अमावास्येचे आहे, आणि पौर्णिमान्त पंचांगालाही अधिक महिना काढताना तेच वापरावे लागते. २०२३ साली सूर्य १७ जुलैला कर्केत आणि १७ ऑगस्टला सिंहेत गेला, आणि १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा अमान्त महिना कोरडा राहिला, म्हणून तो अधिक श्रावण ठरला. पुण्यात आधी अधिक आणि त्यानंतर निज श्रावण असा सरळ क्रम होता. उत्तरेत ४ जुलैला निज श्रावणाचा कृष्ण पक्ष सुरू झाला, मग पूर्ण अधिक महिना मध्ये शिरला आणि १७ ऑगस्टपासून निजाचा उरलेला शुक्ल पक्ष आला. तिकडच्या पंचांगांतही अमावास्येपुढे ३० आणि पौर्णिमेपुढे १५ हाच अंक छापतात, महिना पौर्णिमेला संपत असूनही. नववर्षसुद्धा त्यांच्याकडे चैत्र अर्धा सरल्यावर, शुक्ल प्रतिपदेलाच लागते. म्हणूनच इंदूरची रंगपंचमी चैत्र कृष्ण पंचमीची असूनही मावळत्या वर्षातच मोडते.

व्यवहारात चूक होते ती बहुधा श्राद्धतिथीच्या वेळी. भोपाळहून पुण्यात आलेल्या कुटुंबाच्या वहीत वडिलांची तिथी «भाद्रपद कृष्ण पंचमी» लिहिलेली असते, आणि इथल्या पंचांगात भाद्रपद वद्य पंचमी पाहिली तर श्राद्ध एक चांद्रमास उशिरा होते. ती श्रावण वद्य पंचमीलाच शोधली पाहिजे. वहीतल्या तिथीसोबत इंग्रजी तारीख असेल तर पडताळा सोपा असतो: त्या वर्षीचे पंचांग उघडून तारखेवरून पक्ष आणि महिना पाहावा. तारीख नसेल, तर वही लिहिणारे कोणत्या प्रांताचे पंचांग वापरत होते ते आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. पक्ष शुक्ल असेल तर हे काहीच करावे लागत नाही.