अकराशे ताटं आणि एक गंज भात

नागपूरच्या बेसा रोडवरच्या एका लॉनवरचं लग्न होतं, एप्रिलचा शेवटचा आठवडा. पत्रिका नऊशे माणसांच्या हिशेबाने वाटल्या होत्या, जेवले अकराशेच्या आसपास. मुलीच्या वडिलांची अट एकच होती: आपल्या लग्नाची एकही गाडी भांडेवाडीच्या कचऱ्याच्या ढिगावर जायला नको. भांडी किरायाने आणणं, धुणं, कचरा वेगळा करणं आणि उष्ट्याचं खत करणं एवढं सगळं आमच्या गटाकडे आलं.

यात ताटांचा भाग त्यातल्या त्यात सोपा. अकराशे माणसांना अकराशे ताटं लागत नाहीत. बुफेत माणूस वीस-पंचवीस मिनिटं ताट हातात धरून असतो. ते ताट खरवडून, धुऊन, पुसून टेबलावर परत यायला आणखी पंधरा-वीस मिनिटं जातात. म्हणजे पाऊण तासात एक ताट पुन्हा वापरात येतं. खरी गर्दी साडेआठ ते दहा या वेळातली, त्यामुळे साडेसहाशे ताटांत निभावलं. पेले मात्र हजारावर आणावे लागतात. ताट परत आणून द्यायची सवय लोकांना आहे. पेला ते जिथे पाणी पितात तिथेच सोडतात, खुर्चीखाली, कुंडीत, स्टेजच्या कडेला. एक पोरगा फक्त पेले वेचायला फिरवावा लागतो, आणि हे काम कोणालाच आवडत नाही.

पाण्याचा हिशेब आधी सांगते, कारण स्टीलच्या भांड्यांवर पहिला आक्षेप तोच असतो आणि तो खोटा नाही. आम्ही चार टब ओळीत लावतो. पहिल्यात बुडवणं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात विसळणं, चौथ्यात कढत पाणी. पाणी उलट्या दिशेने सरकतं: तिसऱ्यातलं गढूळ झालं की ते फेकायचं नाही, पहिल्यात ओतायचं. असं केलं तर ताट, दोन वाट्या, चमचा आणि पेला मिळून दोन-अडीच लिटरमध्ये भागतं. नळ सोडून धुतलं तर याच्या कितीतरी पट जातं. तरी ज्या लॉनला उन्हाळ्यात टँकरशिवाय पाणी नाही, तिथे मी स्वतः पळसाच्या पत्रावळी सुचवते. त्या खतात लवकर कुजत नाहीत, तुकडे करूनच टाकाव्या लागतात, पण टँकर मागवून स्टील धुण्यात काही अर्थ नाही.

सगळा खेळ असतो तो ताट परत येण्याच्या जागी. आम्ही तिला खरवडणी म्हणतो. लांब टेबल, त्यामागे दोन बाया आणि खाली भांड्यांची रांग. पाहुण्याने ताट हातात द्यायचं, बाकीचं बाईने करायचं. रंगीत डबे आणि मोठाल्या पाट्या लावून लोक आपापलं वेगळं करतील हा भरवसा मी केव्हाच सोडला. साडी सावरत, लेकरू कडेवर घेऊन आलेली बाई पाटी वाचत नाही, आणि तिने का वाचावी?

खरवडणीत क्रम महत्त्वाचा. आधी चमचा काढून वेगळ्या बादलीत. मग हाताने टिशू, दातकोरणी, विड्याची चांदी लागलेला कागद उचलायचा. मग उरलेलं अन्न जाळीच्या क्रेटमध्ये, आणि क्रेटखाली बादली. वैदर्भी जेवणात ही जाळी नसली तर खत विसराच. पाटवडीचा रस्सा, वडा-भातावरची कढी, मठ्ठा, वरण असं सगळं पातळ खाली गळून जायला हवं. गळलेलं पाणी भांड्यांच्या सांडपाण्यात जातं, पण त्याआधी तेल तरंगून वेगळं होईल अशा कुंडीतून, नाहीतर लॉनची नाली दुसऱ्या दिवशी तुंबते.

चमचे हा आमच्या धंद्यातला कायमचा तोटा. गर्दीत चमचा उष्ट्याबरोबर क्रेटमध्ये जातो आणि किरायावाला एकेक चमच्याचे पैसे कापतो. एका मावशींनी यावर युक्ती काढली. स्पीकरमधून निघालेलं चुंबक दोरीला बांधून त्या क्रेटमध्ये फिरवतात. स्वस्तातले बरेच चमचे चुंबकाला चिकटतात, भारी स्टीलचे चिकटत नाहीत, म्हणून भांडी उचलायला जातानाच चुंबक लावून पाहतो आम्ही.

त्या रात्री नऊपर्यंत काम सुतासारखं चाललं होतं. वराकडचे लोक येताना छोट्या पाण्याच्या बाटल्यांची खोकी घेऊन आले, ते अपेक्षितच होतं. त्या बाटल्या एका पोत्यात गेल्या आणि सकाळी भंगारवाल्याकडे. वधूचे मामा अधूनमधून येऊन क्रेटमध्ये डोकावत होते. एकदा म्हणाले, "ताई, हे उष्टं सांभाळून ठेवता काय जी तुम्ही?" म्हटलं, उद्या दुपारी या, दाखवते. ते खरंच आले.

घोळ झाला भाताचा. आचारीभाऊंनी ऐनवेळी गर्दी पाहून एक मोठा गंज भात जास्तीचा टाकला होता. साडेअकराला तो अर्ध्याहून अधिक उरला, अंदाजे चाळीस किलो. हे उष्टं नव्हतं, गंजातलं कोरं अन्न होतं, म्हणून उरलेलं अन्न वाटणाऱ्या एका गटाला फोन केला होता. त्यांची गाडी आली रात्री एक वाजता. तोवर भात झाकून ठेवला होता, वर वाफेचं पाणी सुटलेलं, आणि आत बोट घातलं तर कोमट. एप्रिलात नागपूरची रात्रही तापलेली असते. शिजलेला भात असा कोमट दीड तास राहिला की मी तो माणसांना देत नाही. भातात तग धरून राहणारे जंतू असतात आणि पुन्हा गरम केल्याने त्यांचं विष जात नाही. गाडीवाला पोरगा म्हणाला, "वास तर नाही येऊन राहिला ना ताई." वास येईपर्यंत थांबायचं नसतं हे त्याला समजावलं. वरण, पोळ्या आणि कोरड्या भाज्या, ज्या गरम ठेवल्या होत्या, त्या त्याने नेल्या. भात आमच्याकडे राहिला.

खताची जागा लॉनच्या मागच्या कुंपणाशी होती. खाली वाळक्या फांद्यांचा वीतभर थर, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर ओला आणि सुका माल आलटून पालटून. प्रमाण बादलीने मोजायचं, वजनाने नाही: एक बादली निथळलेलं अन्न, तर दोन ते अडीच बादल्या वाळका पाला. उन्हाळ्याच्या तोंडाला नागपुरात पाल्याचा तोटा नसतो. कडुनिंब, सागवान, पिंपळ, रस्त्याच्या कडेला ढीग पडलेले असतात आणि लोक ते जाळतात. आम्ही आधीच पोती भरून ठेवतो. सागाची पानं तेवढी चुरून घ्यावी लागतात, नाहीतर ती एकावर एक बसून छप्पर होतात आणि पाणी आत जात नाही. ढीग कंबरेएवढा तरी हवा. त्याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही, तो नुसता सडतो. त्या दिवशी उष्टं, भाज्यांची सालं आणि मंडपातला झेंडू मिळून माल पुरेसा होता. झेंडूच्या माळा मात्र नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेल्या निघाल्या. त्या एकेक करून ओढून काढण्यात पहाटेचा तासभर गेला. डेकोरेशनवाल्याला सुती दोरा सांगितला होता, त्याने मान डोलावली होती.

भात त्याच ढिगात गेला. भाज्यांच्या सालांत आपसूक पोकळी असते, भातात नसते. तो चिकटून गोळा होतो आणि गोळ्याच्या आत हवा शिरत नाही. लॉनच्या पोरांनी मदत म्हणून गंज थेट ढिगावर उलटा केला आणि वरून पाला टाकून झाकला. सकाळी बाहेरून ढीग अगदी छान दिसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा आले तेव्हा मी लांब दांड्याचं थर्मामीटर घेऊन उभी होते. कडेला खुपसलं तर छप्पन्न अंश. मामांनी हात लावून पाहिला आणि चटकन मागे घेतला. मधोमध खुपसलं तर जेमतेम चाळीस. दांडा बाहेर काढला तर टोकाला पांढरट चिकट काहीतरी आणि आंबलेल्या ताकासारखा भपकारा. ढीग मधे थंड आणि कडेला गरम असेल तर समजायचं की आत हवा संपली आहे. चांगल्या ढिगात उलटं असतं, पोट सगळ्यात गरम. वासाचंही असंच. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास आला तर पाला कमी पडला आहे. आंबट किंवा सडक्या अंड्याचा वास आला तर हवा कमी आहे आणि ओल जास्त.

ढीग फोडला. भाताचा गोळा तसाच्या तसा, टोपल्याएवढा. तो फावड्याने कापून ताडपत्रीवर पसरला, पाल्याचा चुरा आणि लाकडाचा भुसा मिसळून हाताने मोकळा केला, वर मागच्या खतातलं दोन घमेली जुनं खत. मग सगळा ढीग पुन्हा रचला. मूठभर माल आवळून पाहिला: बोटांच्या फटीतून एखादा थेंब यायला हवा, धार नको आणि कोरडाही नको. तिसऱ्या दिवशी मध्यावर साठ अंश होते आणि वास ओल्या मातीचा.

पुढची अडचण उलट होती. मेच्या झळांनी ढीग वरून कोरडा पडत गेला आणि उष्णता उतरली. ओलं गोणपाट घालून, पंधरवड्याला पलटून आणि पाणी शिंपडून तो चालू ठेवला. कोरडा ढीग थंड झाला की लोकांना वाटतं खत तयार झालं. पाणी मारून दोन दिवसांनी पुन्हा तापला तर ते तयार नव्हतं, नुसतं झोपलं होतं.

पावसाळा लागल्यावर चाळलं. चाळणीवर राहिलेल्या गोष्टींत दातकोरण्या, झेंडूचे देठ, नायलॉनचा एक तुकडा आणि लिंबाच्या साली. खाली पडलेलं खत काळं, भुसभुशीत. पण लग्नाच्या जेवणात मीठ असतं, आणि मीठ कुजत नाही, ढीग आटत जातो तसं ते दाट होतं. म्हणून आम्ही मेथीची परीक्षा घेतो. नुसत्या खतात वीस दाणे पेरले, त्यातले अकरा उगवले, तेही पिवळट. एक भाग खत आणि चार भाग माती अशा मिश्रणात अठरा उगवले. लॉनच्या माळ्याला तसं सांगून पोती दिली: रोपांना द्यायचं नाही, मोठ्या झाडांच्या आळ्यात मातीत मिसळून द्यायचं, आणि एक-दोन चांगले पाऊस पडून गेल्यावर. त्याने एक मूठ नाकाशी धरली, थोडं खाली टाकलं आणि विचारलं, "पुढचं लग्न कधी आहे जी? मोगऱ्याले अजून लागन."