आमची वाटचाल : खर्चाच्या ओळीपुढे काय लिहायचं?

आम्ही खोक्यांना प्लास्टिकची पट्टी बांधणारी स्ट्रॅपिंग मशीन बनवतो. सुरुवातीला मार्केटिंग म्हणजे मी आणि माझा फोन. धंदा वाढला तसा तिघांचा विभाग झाला, आणि विभाग झाला तसं वर्षाचं बजेटही आलं. पहिली चार वर्षं ते बजेट कसं ठरायचं, ते आज सांगताना थोडी लाजच वाटते.

वर्षाअखेरच्या बैठकीत हिशेब बघणाऱ्या मॅडम एक कागद पुढे सरकवायच्या. प्रदर्शन, इंटरनेट जाहिराती, छपाई, प्रवास, विक्रेता मेळावे, भेटवस्तू, इतर. अशाच एका बैठकीत मी सहज विचारलं, "प्रदर्शनाला एवढे का?" उत्तर आलं, "साहेब, गेल्या वर्षी एवढे होते, त्यात थोडे वाढवले." गेल्या वर्षी ते का होते, हे खोलीत कुणालाच सांगता येईना. मलाही नाही, आणि सही माझीच होती.

आकडे सोपे राहावेत म्हणून पूर्ण मार्केटिंग बजेट १०० भाग धरतो. कागदावर प्रदर्शनापुढे १९ भाग होते. मी मॅडमना म्हटलं, त्या एका प्रदर्शनाची जेवढी बिलं सापडतील तेवढी काढा, मग ती कुठल्याही खात्यात असोत. दोन दिवसांनी त्यांनी गठ्ठाच आणला. जागेचं भाडं आणि मांडणी, हे १९. माणसांचा प्रवास आणि मुक्काम प्रवासखात्यात, ४. खास छापलेली माहितीपत्रकं छपाईत, ३. वाटलेल्या वस्तू भेटवस्तूंत, १. आणि मशीन नेण्या-आणण्याचा ट्रक? तो मार्केटिंगच्या कागदावर नव्हताच. तो माल पाठवण्याच्या खात्यात पडलेला, आणखी ३. म्हणजे १९ चं प्रदर्शन खरं ३० ला पडलं होतं.

घोटाळा कुणी केला नव्हता. हिशेबाची खाती खर्च कशावर झाला ते सांगतात, कशासाठी झाला ते सांगत नाहीत. कर आणि ताळेबंदासाठी ती तशीच लागतात, म्हणून ती मोडायची नाहीत. आम्ही एवढंच केलं, की प्रत्येक मोहिमेला एक कोड दिला आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढी कॉस्ट सेंटर, म्हणजे एकेका मोहिमेचा खर्च एकत्र दाखवणारे कप्पे, उघडली. प्रत्येक बिलाला खातंही लागतं आणि कोडही. महत्त्वाची गोष्ट अशी, की कोड बिल आल्यावर टाकायचा नाही, ऑर्डर देतानाच टाकायचा. बिल येतं तेव्हा महिना-दोन महिने उलटलेले असतात, आणि मग जो कोड हाताशी येईल तो चिकटवला जातो. शिवाय प्रदर्शनाची जागा सहा महिने आधी पक्की करावी लागते. ऑर्डरवर कोड असला की गुंतलेले पैसे त्याच दिवशी दिसतात. नाहीतर ती ओळ सहा महिने रिकामी दिसते आणि कुणाला तरी वाटतं, चला, इथून उचलू.

खर्च एका जागी आला. आता त्याच्यासमोर काय लिहायचं? आमच्या विभागातल्या मुलांनी आधी लिहिलं, 'ब्रँडची ओळख वाढवणे'. मी ते खोडलं. ओळख वाढली की नाही हे सहा महिन्यांनी कुणी कसं ठरवणार होतं? मग उलटा हिशेब मांडला, मशीनपासून मागे.

एका मशीनमागे आमचे सगळे थेट खर्च जाऊन २ भाग सुटतात. म्हणजे ३० भाग वसूल व्हायला १५ मशीन विकली गेली पाहिजेत. जुन्या नोंदी चाळल्या तर ४ कोटेशनमागे १ ऑर्डर येत होती आणि ३ खऱ्या चौकश्यांमागे १ कोटेशन जात होतं. १५ मशीनला ६० कोटेशन, ६० कोटेशनला १८० चौकश्या. आता गेल्या प्रदर्शनाचा डबा उघडला. व्हिजिटिंग कार्डं होती ४०० च्या वर. पण नंतर फोन करून ज्यांना खरंच गरज आहे असं कळलं, ते ९० च होते. विक्रीचे आमचे प्रमुख तिथेच म्हणाले, "साहेब, तुम्ही पट्टीचे रोल धरलेच नाहीत. मशीन गेलं की रोल आपलेच जातात."

त्यांचं बरोबर होतं. वर्षभराच्या रोलची कमाई मशीनमागे आणखी अर्धा भाग धरली. त्यापुढचं धरलं नाही, कारण दुसऱ्या वर्षी गिऱ्हाईक रोल कुणाकडून घेईल याची खात्री कोण देतो? २.५ च्या हिशेबाने १२ मशीन, ४८ कोटेशन, १४४ चौकश्या. हाती ९०. रोल धरूनही गणित बसेना.

प्रदर्शन बंद केलं नाही. जागा लहान घेतली, एकच मशीन नेलं आणि निम्मी मेहनत आधी केली: ज्या कारखान्यांत रोज भरपूर खोकी बांधली जातात त्यांना आगाऊ फोन करून वेळ ठरवली. सगळा मिळून खर्च १२ भाग. अपेक्षा ६० खऱ्या चौकश्या, २० कोटेशन, ५ मशीन, म्हणजे १२.५. काठावरचं गणित, पण कागदावर होतं. उरलेल्या १८ पैकी १० इंटरनेट जाहिरातींना, ५ विक्रेता मेळाव्यांना, आणि ३ कुणालाच दिले नाहीत. ते राखून ठेवले, कारण वर्षाच्या मध्यात एखादी ओळ अपेक्षेपेक्षा बरी चालली तर तिला द्यायला काहीतरी हवं.

इथवर सगळं छान वाटत होतं. मग इंटरनेट जाहिरातींनी आम्हाला गंडवलं. खरं तर आम्हीच स्वतःला गंडवलं. त्या ओळीसमोर आम्ही नुसतं 'चौकश्या' लिहिलं होतं. दीड महिन्यात चौकश्यांचा आकडा दुप्पट झाला, एका चौकशीमागचा खर्च निम्म्यावर आला. मुलं खूश, मीही खूश. कोटेशन मात्र जेवढी जात होती तेवढीच. मी विक्रीच्या टेबलावर बसून नोंदवही वाचली. एक प्रकल्प करणारा विद्यार्थी. एक नोकरी मागणारा. तिघे-चौघे घरातलं सामान बांधायला मशीन भाड्याने मिळेल का विचारणारे. जाहिरातीतला मजकूर सोपा केला होता, लक्ष्यगट सैल केला होता, आणि स्वस्त चौकशी मिळवायची असेल तर तेच करायचं असतं. मुलांनी सांगितलं ते काम चोख केलं होतं, सांगण्यातच चूक होती.

तेव्हापासून चौकशी मोजली जाते ती तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावरच. रोज किती खोकी बांधता? आत्ता कशाने बांधता? खरेदीचा निर्णय कोण घेतं? ही उत्तरं विक्रीचा माणूस फोनवर घेतो आणि नोंदवहीत लिहितो. चौकशी खरी की नाही हे मार्केटिंगने ठरवायचं नाही, कारण आकडा त्यांचाच आहे. हा नियम लागल्यावर जाहिरातींच्या चौकश्या तिसऱ्या हिश्श्यावर आल्या, आणि कोटेशनशी त्यांचा मेळ बसू लागला.

दुसरा गोंधळ वर्षाअखेरीस निघाला. प्रत्येक ओळीने आपल्या नावावर किती मशीन लागली ते सांगितलं. इंटरनेट २१, विक्रेते १७, प्रदर्शन ९. बेरीज ४७. कारखान्यातून नव्या गिऱ्हाइकांना गेलेली मशीन होती ३४. खोटं कुणी बोलत नव्हतं. एकाच गिऱ्हाइकाने जाहिरात पाहिली होती, प्रदर्शनात मशीन चालवून बघितलं होतं आणि ऑर्डर विक्रेत्याकडून दिली होती. तिघांनीही तो आपला धरला. अपेक्षा मांडताना मात्र आपण प्रत्येक मशीन एकदाच धरलेलं असतं, त्यामुळे अशा मोजणीत सगळेच पास होतात.

कुणाला किती श्रेय द्यायचं यावर आम्ही दोन बैठका घातल्या आणि शेवटी सोपा मार्ग घेतला: नोंदवहीत त्या गिऱ्हाइकाची पहिली नोंद ज्या कोडखाली आहे, मशीन त्याचं. हे न्याय्य आहे का? पूर्ण नाही. शेवटी ऑर्डर आणणाऱ्यावर यात थोडा अन्याय होतो. पण अपेक्षा आणि मोजणी एकाच मापाने होते, आणि बेरीज कारखान्याच्या नोंदीशी जुळते. नव्याने मोजलं तेव्हा इंटरनेट १४, विक्रेते १३, प्रदर्शन ४, आणि ३ 'कळत नाही'. तो शेवटचा रकाना मी मुद्दाम ठेवला आहे. तो नसला की ती मशीन ज्याचा आवाज मोठा त्याच्या ओळीत जाऊन बसतात.

प्रदर्शन १२ भागांना पडलं आणि त्याची कमाई झाली १०. विक्रेता मेळाव्यांवर गेले १३. विक्रेत्याचं कमिशन वजा जाता मशीनमागे २ च उरतात, तरी कमाई २६. हे बघून दुसऱ्या वर्षी सगळं तिकडेच वळवायचा मोह झाला होता. मॅडमनी थांबवलं. मेळाव्याला आलेले विक्रेते आमचे जुने, जवळचे होते. पुढचे २० विक्रेते तेवढेच विकतील हे कशावरून? म्हणून वाढ केली ती फक्त ५ भागांची, आणि तिची अपेक्षा वेगळी मांडली.

काही ओळींना हे गणित लावायचंच नसतं, हे शिकायला मात्र वेळ लागला. वेबसाइट, मशीनचे फोटो, दर महिन्याला लागणारी सॉफ्टवेअर. आम्ही आधी हा खर्च मोहिमांवर वाटून टाकला, जिचं बजेट मोठं तिच्यावर जास्त. त्याने एवढंच झालं, की एक मोहीम थांबवली की बाकीच्या आपोआप महाग दिसायच्या. आता तो 'पायाखर्च' म्हणून वेगळा राहतो आणि त्याला मशीन विकल्याचं माप नाही, कामाचं माप आहे. वेबसाइटवरून आलेल्या चौकशीला कामाच्या ४ तासांत फोन गेला का? कोटेशनसोबत त्याच मॉडेलचे फोटो गेले का?

राहिला वेळेचा प्रश्न. आमच्याकडे पहिल्या फोनपासून ऑर्डरपर्यंत साधारण ५ महिने जातात. वर्षाच्या दहाव्या महिन्यातल्या प्रदर्शनाला वर्षाअखेरीस जाब विचारला तर ते नापासच होणार. म्हणून प्रत्येक ओळीपुढे रक्कम आणि अपेक्षा यांच्या जोडीला 'केव्हा बघायचं' असा रकाना आहे: चौकश्या २ आठवड्यांनी, कोटेशन ६ आठवड्यांनी, मशीन ५ महिन्यांनी. कोटेशन अपेक्षेच्या निम्म्याखाली असतील तर राहिलेला खर्च थांबतो आणि आम्ही बोलायला बसतो.

वाढवलेल्या मेळाव्यांतला पहिला गेल्या महिन्यात झाला. ६ आठवड्यांचा रकाना पुढच्या सोमवारी भरायचा आहे. अपेक्षा १२ कोटेशनची आहे, आज नोंदवहीत ७ आहेत.