तुम्ही विचारलंत म्हणून: मिसकॅरेजनंतर अंगावर किती जातं, आणि आत काही राहिलंय हे कसं कळतं

"मॅडम, दुसऱ्या महिन्यात मिसकॅरेज झालं. दहा दिवस झाले तरी अंगावर जातंय, मधूनच कळा येतात. पिशवी पूर्ण साफ झाली असेल ना?"

नुसत्या दिवसांवरून मला ते सांगता येत नाही. मी आधी विचारते, चार दिवसांपूर्वी जेवढं जात होतं त्यापेक्षा आज कमी आहे की जास्त? रोज थोडं थोडं कमी होत असेल, लालचं तपकिरी झालं असेल, तर दोन आठवडे, कधी तीन आठवडेही डाग दिसतात आणि ते चालतं. कमी झालेलं पुन्हा वाढलं, तर मग तो पाचवा दिवस असो की पंधरावा, तपासायला हवं.

गर्भ प्रत्यक्ष बाहेर पडतो ते तास सर्वांत जड असतात. आपोआप पडो किंवा मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी, त्या चार-पाच तासांत पाळीपेक्षा कितीतरी जास्त रक्त जातं, गाठी पडतात, कळा कंबरेतून मांड्यांपर्यंत उतरतात. गोळ्यांनंतर त्या दिवशी थंडी वाजून ताप येतो, जुलाबही होतात. हे आधी कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून घरात सगळे घाबरून जातात. गर्भ पडून गेला की कळा एकदम हलक्या होतात. ही खूण मला फार महत्त्वाची वाटते. त्यानंतर पाळीसारख्या दुखण्याला आयब्युप्रोफेन पुरतं, अर्थात तुम्हाला ते चालत असेल तर. ते घेऊनही रोज तेवढंच दुखत राहिलं तर मला ते चांगलं लक्षण वाटत नाही.

मर्यादा एकच लक्षात ठेवा. मोठी पॅड्स, पूर्ण भिजलेली, तासाला दोन, आणि असं सलग दोन तास झालं तर घरी थांबायचं नाही. लिंबापेक्षा मोठ्या गाठी एकामागून एक पडत असतील, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर दोन तास मोजतही बसू नका. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. आधीच रक्त कमी असलेल्या बाईनं तर आणखी लवकर निघावं, तिला सोसायला जागाच कमी असते. कापड वापरत असाल तर त्या दिवसांपुरती पॅड्स घ्या, कापडावर किती गेलं याचा अंदाज येत नाही.

आता आत राहिल्याचं. गर्भ सुटला की पिशवीचा स्नायू आवळला जातो, त्यात रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्त थांबतं. वारेचा एखादा तुकडा भिंतीला चिकटून राहिला तर त्या जागी पिशवीला नीट आवळता येत नाही. रक्त झिरपत राहतं, आणि तुकडा बाहेर ढकलायला पिशवी कळा देत राहते. काही वेळा तो आठवडाभर गप्प असतो आणि मग अर्धवट सुटतो. तेव्हा जवळजवळ थांबलेलं रक्त अचानक ताजं लाल जाऊ लागतं.

माझ्याकडची एक शिक्षिका अशीच आली. नववा आठवडा होता, सोनोग्राफीत वाढ सातव्या आठवड्यालाच थांबलेली, ठोके नाहीत. गोळ्यांनी त्या रात्री भरपूर गेलं, पाचव्या दिवशी नुसते तपकिरी डाग. नवव्या दिवशी शाळेतच पुन्हा लाल रक्त, गाठी आणि ओटीपोटात कळा. घरी सासूबाई म्हणाल्या, "पाळी आली असेल." पण मिसकॅरेजनंतरची पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांनी येते, नवव्या दिवशी नाही. दोन दिवस त्यात गेले.

आतून तपासलं तेव्हा पिशवीचं तोंड बोटाचं टोक जाईल एवढं उघडं होतं, पिशवी मऊ आणि अपेक्षेपेक्षा मोठी. नाडी १०४, हिमोग्लोबिन ९. सोनोग्राफीत सुमारे अडीच सेंटिमीटरचा गोळा, आणि त्यात रक्तप्रवाह दिसत होता. गोळ्यांचा आणखी एक डोस हाही मार्ग असतो. रक्त इतकं जात नसतं आणि हिमोग्लोबिन बरं असतं तर मी तोच आधी सुचवला असता. इथे पिशवीच्या तोंडाजवळ भूल देऊन हाताच्या सिरिंजनं ओढून काढलं, दहा मिनिटांचं काम. निघालेलं मी पाण्याच्या बशीत टाकून पाहते. रक्ताची गाठ पाण्यात विरघळते, बोटानं फुटते. वारेचा भाग पांढरट असतो, पाण्यात त्याचे बारीक, पिंजलेल्या कापसासारखे धागे तरंगतात. ते दिसले, आणि चौथ्या दिवशी तिचं रक्त थांबलं. घरी असं काही पडलं तर टाकून देऊ नका, स्वच्छ डबीत घालून घेऊन या.

याच्या उलट गोष्टही तितक्याच कळकळीनं सांगते. सातव्या दिवशी कोणी हौसेनं सोनोग्राफी करून घेतं, रिपोर्टमध्ये "रिटेन्ड प्रॉडक्ट्स", म्हणजे आत काही राहिलंय, असं येतं आणि घर हादरतं. पण त्या दिवसांत पिशवीत रक्ताच्या गाठी असणारच, अस्तर जाड दिसणारच. तेरा मिलिमीटर जाडी हा आजार नाही. रक्त उतरणीला असेल, कळा नसतील, ताप नसेल, तर मी अशा बाईला घरी पाठवते आणि पुन्हा यायची तारीख देते. विनाकारण खरवडलेल्या पिशवीत आतून चिकटून बसण्याचा धोका असतो, पुढे पाळी तुटपुंजी होते, गर्भ राहायला अडचण येते. नुसत्या रिपोर्टवर क्युरेटिंगला तयार होऊ नका. "माझं रक्त कमी होतंय, तरी का?" असं विचारा.

एका ठिकाणी मात्र वाट पाहायची नाही. गोळ्यांचा दिवस उलटून गेल्यावर १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, घाण वास येणारा स्राव, पोट दाबलं की दुखणं, यातलं काहीही असेल तर रक्त थोडं असलं तरी त्याच दिवशी या. आत राहिलेल्या तुकड्यात जंतू वाढायला वेळ लागत नाही. ओव्या-गुळाचा काढा प्यायला माझी हरकत नाही, पण अडकलेला तुकडा त्यानं सुटत नाही. मेडिकलमधून मनानं आणखी गोळ्याही घेऊ नका.

सगळं शांत झालं तरी तीन आठवड्यांनी लघवीची टेस्ट करा. त्याआधी करू नका, हार्मोन उतरायला वेळ लागतो आणि दोन रेघा पाहून उगाच धास्ती वाढते. तीन आठवड्यांनंतरही दोन रेघा आल्या तर आत काही राहिलंय का, द्राक्षगर्भ, म्हणजे वारेचे द्राक्षांसारखे फुगे झालेला गर्भ, होता का, हे बघावं लागतं. आणि गर्भ पिशवीतच आहे असं सोनोग्राफीत कधी दिसलंच नव्हतं, शिवाय बाहेर पडलेलंही कोणी पाहिलं नाही, तर तीन आठवडे थांबू नका. गर्भ नळीत असला तरी असंच थोडं थोडं रक्त जातं. पोटात एका बाजूला दुखत असेल, खांद्याच्या टोकाला कळ येत असेल किंवा चक्कर येत असेल, तर थेट दवाखाना गाठा.