एकनाड नसताना एकनाड

नौपाड्यातल्या आमच्या वधूवर सूचक केंद्रात गेल्या महिन्यात ऐरोलीहून एका मुलाच्या वडिलांचा फोन आला. आवाज शांत होता, पण दुखावलेला. "ताई, गुण जुळल्याचा कागद माझ्यासमोर आहे. नाडीचे आठपैकी आठ आहेत. मग एकनाड कुठून आली?"

मुलगी घोडबंदर रोडची. स्थळ तिच्या मावशीने सुचवलेलं. 24 गुण जमले, घरी कांदेपोहे झाले आणि त्याच रात्री ती आईला म्हणाली, "मुलगा चांगला आहे, पण मला त्याच्याबद्दल काहीच वाटलं नाही." आईने तिला समजावून पुन्हा तलावपाळीजवळ भेटायला पाठवलं. चूक इथेच झाली. मन तळ्यात-मळ्यात असेल तर दुसरी भेट जरूर घ्यावी. पण आतून 'नाही' आलेलं असताना ती घेतली, की समोरचे तिला अर्धा होकार धरतात. ऐरोलीकरांनी तसंच धरलं आणि बाकीची स्थळं थांबवली. पुढचे 11 दिवस इकडून फक्त "कळवतो". मग मावशीने परस्पर पत्रिकेचं कारण दिलं.

पत्रिका सहसा भेटीआधीच पाहिली जाते. त्यामुळे भेटीनंतर पुढे केलेलं ते कारण टिकत नाही. समोरच्यांनी खरोखर पत्रिका पाहिलेली असते. नाडीदोष खरा असला तरी दुसरे गुरुजी त्याचा परिहार सांगतात आणि बोलणं पुन्हा सुरू होतं. "सध्या लग्नाचा विचार नाही" हे कारणही तसंच. पंधरा दिवसांत तोच बायोडाटा दुसऱ्या ग्रुपवर दिसतो. मध्यस्थ नातेवाइकांना वाटतं आपण शब्द मऊ केला. प्रत्यक्षात मुलाकडचे महिनाभर आपल्यात काय खोट होती ते शोधत बसतात. याचा मला मनापासून राग येतो.

मी मुलीच्या वडिलांना आधी मावशीशी बोलायला सांगितलं. तिला बाहेरून कळलं असतं तर बहिणी-बहिणींत बिनसलं असतं. मग त्यांनी स्वतः ऐरोलीला फोन केला, संध्याकाळी, मुलाचे वडील घरी पोहोचल्यावर. वाक्यं आम्ही आधी कागदावर लिहून घेतली होती: "पत्रिकेचं कारण खरं नव्हतं, त्याबद्दल माफ करा. तुमच्या मुलात काही कमी नाही. दोनदा भेटूनही आमच्या मुलीचं मन जुळलं नाही, म्हणून आम्ही पुढे जात नाही. कळवायला उशीर झाला, ती चूक आमची." पगार, उंची, घर यांतलं काहीही काढायचं नाही, कारण कारण दिलं की त्यावर तोडगा सुचवला जातो. "बघू", "पुढे कधी" हेही नाही. फोन चार मिनिटांत संपला. मुलीने मुलाला दोन ओळींचा मेसेज पाठवला आणि दोन्हीकडच्यांनी एकमेकांचे फोटो, पत्रिका मोबाइलमधून काढून टाकल्या.

मुलाच्या वडिलांनी एवढंच विचारलं, "हे पहिल्या भेटीनंतरच का नाही सांगितलं?"

आता पहिल्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी मी मुलीला स्वतः फोन करते, आई जवळ नसेल अशा वेळी.