बीम आणि कॉलमच्या जोडातील पाच रिंगा : माझा अनुभव

पाटण तालुक्यात आम्ही बांधलेल्या दुमजली घराची परवानगी, पायाची खोदाई आणि जोते ही कामे फारसा त्रास न देता पार पडली. आमचे घोडे अडले ते पहिल्या स्लॅबच्या आधी, आणि तेही बीम जिथे कॉलममधून आरपार जातो त्या जेमतेम दीड फूट उंचीच्या जागेत. आरसीसी कन्सल्टंटच्या आराखड्यात प्रत्येक कॉलमला त्या जागेत पाच रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना बाहेरून आवळणारी सळईची बंद कडी, दाखवल्या होत्या. प्रत्यक्षात बीमचे सांगाडे बसवून झाले, बाजूच्या फळ्या ठोकून झाल्या, स्लॅबची सळईही अर्धी पसरली गेली, आणि त्या जागेत एकही रिंग नव्हती. ठेकेदाराचे म्हणणे असे की तेथे रिंग बसतच नाही, आणि स्लॅब झाल्यावर ती जागा दिसतही नाही.

आमचे कॉलम ३५० मिलिमीटर चौरस, प्रत्येकात १६ मिलिमीटरच्या आठ उभ्या सळया. बीम २३० मिलिमीटर रुंद आणि ४५० मिलिमीटर खोल. कॉलमच्या मधल्या भागात रिंगांमधील अंतर १५० मिलिमीटर होते, पण वरच्या आणि खालच्या टोकाला ४५० मिलिमीटर उंचीपर्यंत ते ८० वर आणले होते. हे आकडे कन्सल्टंटने मनाने घातलेले नाहीत. भूकंपात टिकणाऱ्या आरसीसी बांधकामासाठीच्या आयएस १३९२० या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार टोकाच्या या पट्ट्यातील अंतर कॉलमच्या लहान बाजूच्या पाव भागापेक्षा, सर्वांत बारीक उभ्या सळईच्या व्यासाच्या सहापटीपेक्षा आणि १०० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. आमच्याकडे हे तीन आकडे अनुक्रमे साधारण ८७, ९६ आणि १०० येतात; त्यांतील सर्वांत लहान ८७, म्हणून चित्रात ८०. पट्ट्याची उंचीही अशीच ठरते. कॉलमची मोठी बाजू, कॉलमच्या मोकळ्या उंचीचा सहावा भाग आणि ४५० मिलिमीटर यांपैकी जे मोठे असेल तेवढी ती ठेवावी लागते. बीमच्या बाबतीत दोन्ही टोकांना बीमच्याच खोलीच्या सुमारे दुप्पट लांबीपर्यंत रिंगा जवळ घ्यायच्या असतात, आणि पहिली रिंग कॉलमच्या कडेपासून ५० मिलिमीटरच्या आत हवी.

टोकालाच एवढी गर्दी कशासाठी, हा प्रश्न मीही कन्सल्टंटना विचारला होता, आणि त्यांचे उत्तर मला पटले. रोजच्या वजनाखाली बीम मध्यभागी खाली वाकतो, पण भूकंपात जमीन आडवी हलते तेव्हा संपूर्ण सांगाडा एका बाजूला झुकतो आणि वाकण्याचा सर्वाधिक ताण बीमच्या आणि कॉलमच्या टोकांवर येतो. शिवाय पुढच्याच क्षणी घर उलट दिशेला झुकते. आत्ता ताणली गेलेली बाजू लगेच दाबली जाते, तडा एकदा एका तिरक्या दिशेने आणि एकदा दुसऱ्या दिशेने जातो, आणि फुलीच्या आकाराच्या त्या तड्यांमधले काँक्रीट सुटे होऊ लागते. सळयांबाहेरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, गळून पडले की उभ्या सळया उघड्या पडतात आणि दाब आला की बाहेरच्या बाजूला फुगतात. जवळ बांधलेली रिंग या टप्प्यावर तीन कामे करते. काँक्रीट तिरके कापू पाहणारा जोर, म्हणजे कातर, ती स्वतःवर घेते, आतले तुकडे उसाच्या मोळीसारखे आवळून धरते, आणि दोन रिंगांमधली सळई इतकी आखूड ठेवते की तिला वाकायला वाव मिळत नाही. व्यासाच्या सहापटीची अट या तिसऱ्या कामासाठी आहे. घर अजिबात तडकू नये असा यामागचा हेतू नाही. टोके तडकली, सळया ताणल्या गेल्या, तरी वजन पेलण्याची ताकद टिकून राहावी एवढाच आहे.

एवढे ठेकेदारालाही मान्य होते; कॉलमच्या टोकाच्या आणि बीमच्या टोकाच्या रिंगा त्याने व्यवस्थित दिल्या होत्या. वाद होता तो या दोन्हींच्या मधल्या ठोकळ्याचा. त्याच्या दृष्टीने तेथे चारी बाजूंनी बीम येतात, सळयांची दाटी असते, म्हणून ती जागा आपोआपच मजबूत असते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. घर एका बाजूला झुकते तेव्हा कॉलमच्या एका अंगाच्या बीमची वरची सळई जोडातून बाहेर ओढली जाते आणि दुसऱ्या अंगाच्या बीमची खालची सळई विरुद्ध दिशेला ओढली जाते. या दोन ओढींमध्ये जोडाचा चौकोन तिरका होऊ पाहतो, त्याचा एक कर्ण लांबतो आणि काँक्रीट त्या कर्णाला आडवे फाटते. जोडाच्या आतली ही कातर कॉलमच्या इतर भागातील कातरीच्या कित्येक पट असते. बीमचे टोक तडकले तर ते एका बीमपुरते राहते, पण जोड फुटला तर वरचा कॉलम, खालचा कॉलम आणि त्यात शिरलेले सगळे बीम एकदमच आधार गमावतात.

चारी बाजूंनी बीम असल्यास थोडी सवलत मिळते, हे खरे आहे. मात्र त्यासाठी प्रत्येक बीमची रुंदी कॉलमच्या रुंदीच्या किमान पाऊणपट असावी लागते. तसे असेल तर जोडात निम्म्या रिंगा चालतात आणि अंतर १५० मिलिमीटरपर्यंत नेता येते. आमच्या ३५० च्या कॉलमला पाऊणपट म्हणजे २६२ होतात आणि बीम २३० चा आहे, त्यामुळे घरातल्या एकाही जोडाला ती सवलत लागू नव्हती. कोपऱ्यातल्या कॉलमला तर दोनच बीम येतात आणि दोन बाजू उघड्याच राहतात.

मी स्लॅब थांबवला. त्यानंतरचे दिवस आठवले की अजूनही डोके तापते. मिक्सर ठरलेला, खडी-वाळू येऊन पडलेली, पावसाचे ढग डोक्यावर, आणि कन्सल्टंट कराडहून येण्याची वाट पाहत सगळे बसलेले. फिटर रोज एकच वाक्य ऐकवायचा, “सर, इतकी वर्षं हेच काम करतोय, कुठं घर पडलं?” ठेकेदाराने १९६७ च्या भूकंपाचा दाखला दिला. ११ डिसेंबरच्या त्या पहाटे कोयनेला दगडमातीची घरे पडली, आरसीसीला काही होत नाही, असे त्याचे ठाम मत होते. त्या काळी या खोऱ्यात आरसीसीची घरे होतीच किती, हे त्याने लक्षात घेतले नव्हते. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत आरसीसीच्या बहुमजली इमारती कोसळल्या. तळमजला पार्किंगसाठी मोकळा, कॉलममधील रिंगा विरळ, त्यांच्या टोकांचे आकडे काटकोनी आणि जोडात रिंगांचा पत्ता नाही, हे दोष तेव्हा पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना वारंवार दिसले.

अखेर कन्सल्टंट आले आणि भांडण्याऐवजी त्यांनी फिटरला कामाचा क्रम समजावला. रिंग तेथे बसत नाही ही तक्रार खोटी नव्हती. बीमचा पूर्ण सांगाडा जागेवर बसल्यानंतर बंद रिंग घालायला खरोखरच वाट उरत नाही. म्हणून बीमचा सांगाडा आधी फळ्यांच्या वर, टेकूंवर बांधायचा. जोडाच्या पाचही रिंगा कॉलमच्या उभ्या सळयांवर आधीच ओवून एकावर एक रचून ठेवायच्या. मग बीमच्या वरच्या सळया सरकवायच्या, टेकू काढून सांगाडा हळूहळू खाली उतरवायचा, आणि शेवटी त्या रचलेल्या रिंगा एकेक करून उचलून आपापल्या उंचीवर तारेने बांधायच्या. आमच्याकडे सांगाडे आधीच खाली गेलेले असल्यामुळे बीमच्या वरच्या सळया सोडवून, सांगाडे पुन्हा उचलून हे सगळे करावे लागले. फिटर पहिल्या कॉलमला अर्धा दिवस कुरकुरला. नंतरचे कॉलम त्याने बऱ्याच वेगाने उरकले. दुसऱ्या स्लॅबला त्याला काहीच सांगावे लागले नाही, याचे मला समाधान आहे.

या थांबण्याच्या काळात मी रिंगांच्या टोकांचे आकडे तपासले, हे आधीच सांगायला हवे होते. रिंगेची दोन्ही टोके काटकोनात न वळवता १३५ अंशांत, म्हणजे कॉलमच्या पोटात शिरतील अशी वळवायची असतात, आणि वळणापुढचा सरळ तुकडा व्यासाच्या सहापट, पण किमान ६५ मिलिमीटर हवा. काटकोनी आकडा कव्हरमध्येच राहतो. कव्हर गळले की तो उघडतो आणि रिंग निरुपयोगी होते. आमच्या ढिगात काटकोनी रिंगा मिसळलेल्या निघाल्या. लागोपाठच्या रिंगांचे आकडे एकाच कोपऱ्यात येऊ नयेत, हेही पाहावे.

खर्चाचा मुद्दा ठेकेदाराने उगाच फुगवला. आमच्या कॉलमची १० मिलिमीटरची एक रिंग आणि तिच्यासोबतच्या दोन आडव्या आकडेदार सळया मिळून वजन सुमारे १.४ किलो होते. टोकांच्या पट्ट्यांत वाढलेल्या सहा आणि जोडातल्या पाच अशा अकरा जास्तीच्या रिंगा धरल्या, तर एका मजल्याच्या एका कॉलममागे साधारण १५ किलो लोखंड वाढते. खरा खर्च मजुरीचा आणि वेळेचा असतो, म्हणून तो ठेका देतानाच लिहून घ्यावा.

रिंगा बसल्यावर नवी अडचण आली ती काँक्रीट ओतण्याची. त्या ठोकळ्यात आठ उभ्या सळया, दोन दिशांच्या बीमच्या सळया आणि पाच रिंगा असतात. २० मिलिमीटरची खडी तेथे अडकते आणि खाली पोकळी राहते. कन्सल्टंटने जोडांपुरते बारीक खडीचे मिश्रण आणि बारीक सुईचा व्हायब्रेटर सांगितला. खडीचा निर्णय बदलला म्हणून आणखी एकदा गाडीची वाट पाहावी लागली, तेव्हा हे आधीच ठरवून ठेवावे. पोकळ राहिलेल्या जोडात रिंगांना आवळायला काही उरतच नाही.

या रिंगांनी सगळेच भागते असेही नाही. बीम कॉलमपेक्षा ताकदवान ठेवला तर कॉलम आधी मोडतो. आणि तळमजल्यावरच्या भिंती काढून गाळा मोकळा केला तर त्या मजल्यावर इतका भार येतो की दाट रिंगाही पुरत नाहीत. पुतण्याने खाली दुकान काढायचा विषय काढला तेव्हा मी त्याला आधी कन्सल्टंटकडे पाठवले.

तपासणी मात्र फळ्या बंद होण्यापूर्वीच करावी. आम्ही प्रत्येक जोडाला टेप लावून फोटो काढले, कारण स्लॅब ओतल्यावर सळई शोधणारे यंत्र लावले तरी जोडातल्या दाटीत त्याला रिंग वेगळी ओळखता येणे फार अवघड असते. फोटोत कॉलमचा क्रमांक खडूने लिहिलेला दिसला पाहिजे, नाहीतर कोणता जोड कोणता यावरून पुन्हा वाद होतो.