कोपरावरचे गोळे गळत का नाहीत : तपकिरी स्वेटरची पुढची नोंद

मागच्या नोंदीतील तपकिरी स्वेटरच्या कोपरांवर घासून घासून पुन्हा तंतूंचे बारीक गोळे धरले आहेत. त्याच सुयांवर, त्याच विणीत विणलेला निव्वळ मेरिनोचा राखाडी स्वेटर सुरुवातीला चांगलाच पिंजारला होता, पण आता बहुतेक स्वच्छ झाला आहे. तपकिरी लोकरीत 20 टक्के नायलॉन आहे, आणि बळकटीसाठी घातलेले हे नायलॉनच गोळ्यांना धरून ठेवते, ही माझी शंका अखेर खरी ठरली.

भिंगाखाली गोळा चिमट्याने हलकेच उचलला की त्याला विणीशी बांधून ठेवणारे मोजके तंतू दिसतात. अनेक गोळ्यांचे असे तंतू कापून एकत्र केले आणि स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धरून ज्योतीजवळ नेले. लोकर जळते तेव्हा केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. येथे मात्र तंतू वितळून आखडले आणि कडक मणी उरला. गोळ्यांचा गाभा जाळला, तेव्हा तो मुख्यतः लोकरीचाच निघाला. राखाडी स्वेटरमध्ये गोळ्याला बांधणारे लोकरीचे तंतू वारंवार वाकून तुटतात आणि गोळा गळतो. नायलॉन अशा घासण्याने सहज तुटत नाही.

तंतूंच्या लांबीचा परिणाम त्याआधीच्या, गोळा तयार होण्याच्या टप्प्यावर होतो. पीळ उलगडून तंतू मोजले, तर तपकिरी धाग्यातील लोकर 3 ते 4 सेंटीमीटर भरली आणि राखाडीतील 7 सेंटीमीटरच्या आसपास. तंतू आखूड असले की तेवढ्याच धाग्यात टोके अधिक येतात आणि पिळाची पकडही कमी पडते, त्यामुळे ती बाहेर सरकून एकमेकांत गुंततात. बेळगावच्या बाजारात हा धागा ‘टिकाऊ’ म्हणून विकला गेला. दुकानदाराने तंतूंची लांबीही सांगितली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

गोळे हाताने उपटू नयेत, कारण बळकट तंतू तुटण्याऐवजी विणीतून आणखी बाहेर येतो आणि पुढच्या गोळ्याची सोय होते. स्वेटर कोरडा करून टेबलावर न ताणता सपाट पसरावा, गोळे काढायचे जाळीचे बॅटरीचे यंत्र दाब न देता फिरवावे, आणि शिवणीजवळ किंवा जाळीच्या नक्षीत बारीक कात्रीने एकेक गोळा कापावा. दाढीचे उघडे पाते मी वापरत नाही. एक टाका कापला गेला तरी वीण उसवते. प्रत्येक वेळी थोडी लोकर जातेच, म्हणून कोपर उजेडासमोर धरून विरळ झाले आहे का, ते पाहावे.

तपकिरी लोकरीचा उरलेला गुंडा कोपरांना ठिगळे लावण्यासाठी ठेवला होता, पण हे लिहिताना विचार बदलला. निपाणीकडून आणलेली दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर त्यासाठी अधिक योग्य वाटते, कारण जाड, ताठ तंतू सहज गुंतत नाहीत. त्या लोकरीचा तीनपदरी, घट्ट पिळाचा नमुना विणून तो त्याच नमुन्यावर घासून पाहणार आहे.