संत्र्याची मुलाखत शोधात सापडावी म्हणून : शीर्षक आणि शो नोट्स लिहितानाचा माझा अनुभव

नव्या मुलाखतीच्या पॉडकास्टला शोधातून जो श्रोता मिळतो, तो पाहुण्याच्या नावामुळे मिळत नाही. पाहुणा वरुड-मोर्शी पट्ट्यात कितीही जाणता बागायतदार असो, काटोलच्या माणसाला त्याचं नाव माहीत नसतं. काटोलचा माणूस त्याच्या बागेत काय बिघडलं ते टाइप करतो. आमचा शो विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या मुलाखतींचा. त्याची शीर्षकं आणि नोट्स आम्ही याच एका गोष्टीभोवती बसवत गेलो. इथे एकच भाग उदाहरणाला घेतो : आंबिया बहारातली संत्र्याची फळगळ.

अशा भागाचं शीर्षक सहसा असं सुचतं : ‘भाग ७ : प्रगतिशील बागायतदार अमुक-तमुक यांच्याशी दिलखुलास गप्पा’. यातला एकही शब्द अडचणीत असलेला माणूस शोधत नाही. ‘भाग ७’ने तर शीर्षकाची सुरुवातच खाल्ली, आणि मोबाईलवर तेवढीच सुरुवात दिसते. भागाच्या क्रमांकासाठी फीडमध्ये वेगळी जागा असते. होस्टिंगच्या फॉर्ममध्ये ‘Episode number’ असा रकाना असतो, आकडा तिथे टाकायचा. ॲपल तर सांगतंच, की क्रमांक शीर्षकात लिहू नका.

शीर्षकावर एवढा जोर देण्याचं कारण असं. ॲपल पॉडकास्टच्या शोधात शोचं नाव, सादरकर्त्याचं नाव आणि भागाचं शीर्षक यांचं वजन मोठं असतं. शो नोट्समध्ये लिहिलेल्या शब्दाने भाग तिथे वर येईल, या भरवशावर राहू नये. यूट्यूबचं वेगळं आहे. तिथे शीर्षकासोबत वर्णनही जुळवून पाहिलं जातं. म्हणून नेमका शब्द शीर्षकात ठेवायचा आणि त्याची भावंडं नोट्समध्ये. दोन्हीकडे लोकप्रियताही मोजली जाते, आणि नव्या शोकडे ती नसते. ‘संत्रा शेती’ एवढ्या रुंद शब्दावर आपण जुन्या, मोठ्या शोंच्या खालीच राहणार. ‘संत्रा फळगळ आंबिया बहार’वर स्पर्धा कमी, आणि ते टाइप करणाऱ्याची गरज नेमकी.

शब्द ठरवताना मी यूट्यूबच्या शोधपेटीत ‘संत्रा’ लिहून एक जागा सोडतो आणि खाली काय सुचवलं जातं ते बघतो. हे खासगी खिडकीत करायचं, नाहीतर आपल्याच जुन्या शोधांचं प्रतिबिंब दिसतं. मग तोच शब्द रोमन लिपीत : `santra`, `santara`, `falgal`, `phalgal`. दुसरी खाण म्हणजे बागायतदारांचे व्हॉट्सॲप गट आणि कृषी केंद्राचा काउंटर. तिथे प्रश्न ज्या शब्दांत विचारला जातो, त्याच शब्दांत तो टाइपही होतो. ‘फायटोफ्थोरा’ कोणी म्हणत नाही, ‘डिंक्या’ म्हणतात. इथे एक सावधगिरी मात्र लागते. वऱ्हाडी बोलण्यात ‘ळ’चा ‘य’ होतो, पाहुणा मुलाखतीत ‘फयगय’च म्हणेल, आणि ते शीर्षकात घेण्याचा मोह होतो. ऐकायला गोड असलं तरी लिहिताना बहुतेक जण ‘फळगळ’च लिहितात. बोली आवाजात राहू द्यावी.

या भागाचं शीर्षक असं ठरलं :

‘संत्रा फळगळ : आंबिया बहारात फळं का गळतात, उपाय काय? (Santra) – पाहुण्याचं नाव, वरुड’

पहिले दोन शब्द मूळ रूपात आहेत. ‘संत्र्याची’, ‘संत्र्याच्या’, ‘संत्र्यावर’ ही सगळी एकाच शब्दाची रूपं आहेत हे आपल्याला कळतं, शोधयंत्राला मराठीत ते कळेलच याची खात्री नसते. प्रत्यय लागला की मराठी शब्द आतूनच बदलतो, म्हणून निदान एकदा तरी तो कोरा यायला हवा. पाहुण्याचं नाव शेवटी ठेवलं, पण काढलं नाही. उद्या कोणी त्याच नावाने शोधलं तर सापडलं पाहिजे. ते नाव पाहुणा स्वतः जसं लिहितो तसंच लिहायचं. रोमन शब्द एकच घेतला. ‘Santra Orange Nagpur Farming Kheti’ अशी माळ लावली तर ॲपलच्या नियमांत ती शब्दांची कोंबाकोंब ठरते आणि शो काढलाही जाऊ शकतो. सादरकर्त्याच्या नावाच्या रकान्यात पाहुण्यांची नावं भरणं हाही त्यातलाच प्रकार.

आता देवनागरीचं खास दुखणं. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातला ‘ऱ्या’ दोन रीतींनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण आतून वेगळे असतात :

```
ऱ्या = U+0931 U+094D U+092F U+093E
र्‍या = U+0930 U+094D U+200D U+092F U+093E
```

दुसऱ्या रीतीत मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. एका कीबोर्डवर पहिली रीत येते, दुसऱ्यावर दुसरी. युनिकोडच्या नेहमीच्या प्रमाणीकरणाने ही दोन रूपं एक होत नाहीत. ते जोडचिन्ह गाळलं तर उरतो ‘र्या’, म्हणजे ‘सूर्या’तला, तो तर तिसराच. यावर माझा उपाय साधा आहे : शीर्षकाच्या मुख्य शब्दांत ‘ऱ्या’ येऊच द्यायचा नाही. ‘शेतकऱ्यांसाठी’ऐवजी ‘शेतकरी’. गावाच्या नावाचंही असंच. वरुड आणि वरूड दोन्ही लिहिलं जातं, म्हणून एक शीर्षकात आणि दुसरं नोट्समध्ये घ्यायचं. शुद्धलेखनाच्या कट्टर मंडळींना हे खुपेल, खुपू द्यावं.

तालुक्याच्या ठिकाणी डीटीपीवाल्याकडून मजकूर टाइप करून घेत असाल तर आणखी एक तपासणी करा. तिथे अजूनही कृतिदेवसारखे फॉन्ट चालतात आणि ते युनिकोड नाहीत. त्यांच्या संगणकावर ‘संत्रा’ दिसणारा शब्द होस्टिंगच्या फॉर्ममध्ये पेस्ट केला की `la=k` होतो. प्रकाशित करण्याआधी तो मजकूर आपल्याच मोबाईलवर व्हॉट्सॲपने पाठवून बघावा. तिथे मराठी दिसली तर ती युनिकोड आहे.

शो नोट्समध्ये पहिली दोन वाक्यं सगळ्यात महागडी, कारण यादीत तेवढीच दिसतात आणि बाकी ‘आणखी’च्या मागे जातं. तिथे ‘नमस्कार मित्रांनो’ किंवा ‘लाईक करा, शेअर करा’ नको. आमच्या भागाच्या नोट्स अशा सुरू होतात :

```
संत्रा बागेत आंबिया बहाराची फळगळ पावसाळ्यात का वाढते,
आणि साचलेलं पाणी, बुरशी, अन्नद्रव्यांची कमतरता यांतलं
नेमकं कारण कसं ओळखायचं? वरूड (जि. अमरावती) इथले
बागायतदार ... यांची मुलाखत. (santra falgal, ambia bahar)

00:00 ओळख आणि बागेची माहिती
04:10 फळगळ केव्हा सुरू होते
11:35 डिंक्या कसा ओळखायचा
19:20 पाण्याचा निचरा आणि चर
27:45 मृग बहार की आंबिया?
```

वेळा इंग्रजी आकड्यांत आहेत. देवनागरी आकड्यांचे दुवे होतील या आशेवर बसू नये. यूट्यूबवर प्रकरणं दिसायला पहिली वेळ शून्यापासून हवी, किमान ३ वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक प्रकरण निदान १० सेकंदांचं हवं. यातलं एक जरी चुकलं तरी प्रकरणं उमटत नाहीत. सगळं बरोबर दिसूनही उमटली नाहीत तर मी आधी पहिली ओळ पाहतो. तिथे बहुतेकदा 00:00 ऐवजी पहिल्या प्रश्नाची वेळ पडलेली असते. आवाजाची फाईल पुन्हा कापून चढवली तर वेळाही पुन्हा लिहाव्या लागतात.

या ओळींचं दुसरं काम शोधाचं आहे. ‘डिंक्या’, ‘निचरा’, ‘मृग बहार’ हे शब्द शीर्षकात मावत नव्हते, ते इथे अर्थासकट आले. नुसती स्वल्पविरामांची यादी देण्यापेक्षा हे बरं, कारण वाचणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो. एक ओळ एका प्रश्नाची ठेवावी. ‘११:३५ महत्त्वाची चर्चा’ असं लिहून कोणाचंच भलं होत नाही.

संपूर्ण शोच्या वर्णनाला ॲपलकडे ४००० बाइट्सची मर्यादा आहे. ती अक्षरांची नाही, बाइट्सची आहे. इंग्रजी अक्षर १ बाइट घेतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३. मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. ‘संत्रा’ दिसायला दोन अक्षरं, आत सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट्स. तेव्हा हाताशी साधारण १३०० चिन्हं उरतात, मोकळ्या जागा धरून थोडी जास्त. जिल्ह्यांची नावं आणि पिकं वर घ्यावीत, आभार खाली.

प्रकाशित केल्यावर लगेच शोधून घाबरायचं कारण नाही, ॲपलकडे फीड ताजं व्हायला एखादा दिवस जाऊ शकतो. त्यानंतर आपला शो फॉलो न केलेल्या दुसऱ्याच्या फोनवर तपासायचं. आधी पूर्ण शीर्षक टाकायचं. त्यानेही भाग आला नाही तर दोष शब्दांचा नाही. फीड पोचलेलं नाही किंवा ताजं झालेलं नाही, तेव्हा होस्टिंगकडे बघावं. पूर्ण शीर्षकाने आला पण ‘संत्रा फळगळ’ने आला नाही, तर शब्द पुढे आणावा किंवा आणखी अरुंद करावा. देवनागरीने आला आणि रोमनने नाही, तर शीर्षकातला रोमन शब्द बदलून पाहावा. ॲपलचा शोध ब्राउझरमधूनही तपासता येतो :

```
https://itunes.apple.com/search?term=संत्रा+फळगळ&country=in&media=podcast&entity=podcastEpisode
```

यातून मजकुराची एक फाईल मिळते. त्यात `trackName`समोर भागांची शीर्षकं असतात. आपला भाग नोंदला गेलाय का, एवढंच त्यातून बघायचं. ॲपमधला क्रम त्याच्याशी जुळेलच असं नाही.

जुन्या भागांची शीर्षकं अशीच सुधारता येतात, आणि त्याने ऐकलेल्यांचा आकडा जात नाही. अट एकच : होस्टिंगच्या पानावर तोच भाग उघडून ‘Edit’ करायचा. भाग काढून नव्याने चढवला तर त्याची फीडमधली `guid` ही ओळख बदलते. मग तो नवा भाग समजला जातो आणि फॉलो करणाऱ्यांच्या यादीत तीच मुलाखत पुन्हा येऊन पडते.